विमान तिकिटाचा परतावा : कार्डावर येण्यास लागणारा काळ आणि चार्जबॅकचा मार्ग

वेळापूर आणि माळशिरस तालुक्यातील कुटुंबांना विमानप्रवास आता अपरिचित राहिलेला नाही. पूर्वी त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागत असे. जून २०२५ पासून सोलापूरहून गोव्यासाठीही विमानसेवा सुरू झाली. परंतु तिकीट रद्द झाल्यावर पैसे कोणाकडून, किती दिवसांत आणि कोणत्या वाटेने परत येतात, याची स्पष्ट कल्पना फार थोड्या प्रवाशांना असते. पैसे थकले की पुष्कळजण केवळ वाट पाहत राहतात आणि तेवढ्यात दाद मागण्याची मुदत उलटून जाते. यास्तव प्रस्तुत लेखात परताव्याचा क्रम, त्याचे नियम आणि चार्जबॅक या उपायाची सविस्तर माहिती वाचकांसमोर ठेवीत आहोत.

परतावा कोणत्या मार्गाने येतो?

आपण कार्डाने तिकीट घेतो तेव्हा चार पक्ष कामाला लागतात : कार्ड देणारी आपली बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी एक जाळे, पैसे स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याची बँक, आणि स्वतः तो व्यापारी. परतावा याच साखळीने उलट दिशेने येतो. तो मूळ व्यवहार पुसून टाकीत नाही, तर एक नवा जमा व्यवहार म्हणून नोंदला जातो. त्यामुळे व्यापाऱ्याने आपल्या संगणकात 'Refund Processed' असे दाखवले, तरी त्याचा अर्थ पैसे कार्डावर पोहोचले असा नव्हे. ते केवळ त्याच्या बाजूने निघाले, असा होतो. तेथून आपल्या खात्यावर नोंद होण्यास साधारणतः आठवडाभर लागू शकतो.

विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट तिकीट घेतले असेल, तर व्यापारी म्हणजे विमान कंपनीच होय. प्रवासी संकेतस्थळावरून किंवा एजंटाकडून घेतले असेल, तर मध्ये आणखी एक टप्पा येतो. विमान कंपनी परताव्याची रक्कम प्रथम एजन्सीच्या खात्यात जमा करते आणि त्यानंतर एजन्सीने ती ग्राहकाच्या कार्डावर पाठवायची असते. बहुतेक विलंब येथेच होतो. विमान कंपनी म्हणते, 'आम्ही पैसे दिले'. एजन्सी म्हणते, 'आम्हाला मिळाले नाहीत'. अशा वेळी प्रवाशाने दोघांपैकी कोणाच्याही तोंडी शब्दावर विसंबू नये. विमान कंपनीला पीएनआर क्रमांक देऊन एकच प्रश्न लेखी विचारावा : या तिकिटाचा परतावा कोणत्या तारखेस, किती रकमेचा आणि कोणाच्या खात्यात दिला? तो एजन्सीस पोहोचला असल्याचे उत्तर मिळाले, तर यापुढे जबाबदार कोण, हे ठरून जाते.

नियमाने किती दिवस?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, यांनी तिकिटांच्या परताव्याविषयी २००८ मध्ये नियम केले आणि २०१६ मध्ये ते सुधारले. त्या सुधारित नियमानुसार क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडून घेतलेल्या तिकिटाचा परतावा रद्द केल्यापासून ७ दिवसांत कंपनीने द्यावयाचा असतो. रोख पैसे दिले असतील, तर ज्या कार्यालयातून तिकीट घेतले तेथून परतावा तत्काळ मिळावयास हवा. तिकीट एजंटाकडून किंवा प्रवासी संकेतस्थळावरून घेतले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी मानला जातो. अशा तिकिटांसाठी २०१६ च्या नियमाने ३० कामकाजाच्या दिवसांची मुदत ठरवली. ही मुदत कमी करण्याचा मसुदा महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. म्हणून तक्रार लिहिण्यापूर्वी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर अंमलात असलेली प्रत पाहावी आणि त्यातील आकडाच पत्रात घालावा.

याच नियमांतील आणखी दोन तरतुदी प्रवाशाच्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी की, परताव्याऐवजी पुढील प्रवासासाठी रक्कम कंपनीकडे राखून ठेवणे, ज्यास 'क्रेडिट शेल' म्हणतात, ही प्रवाशाच्या इच्छेची बाब आहे. कंपनी ती आपण होऊन लादू शकत नाही. दुसरी अशी की, तिकीट 'परतावा नाही' या अटीवर घेतलेले असले आणि प्रवासी स्वतः गेला नाही, तरी शासकीय कर आणि विमानतळाची शुल्के परत करावी लागतात. मूळ भाड्यातून कपात होऊ शकते, करांतून नव्हे.

२०१६ च्या नियमातील ३० कामकाजाचे दिवस म्हणजे सुमारे ६ आठवडे होत असत. त्या मुदतीमुळे 'महिना झाला' एवढ्यावर केलेली तक्रार अनेकदा मुदतपूर्व म्हणून बाजूला ठेवली जात असे.

एक वेगळी परिस्थिती येथेच नमूद करणे इष्ट होय. कार्डावरून पैसे गेले, पण तिकीटच निघाले नाही, तर तो परतावा नसून फसलेला व्यवहार होय. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा वेगळा नियम आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यावी आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असे तो सांगतो.

एआरएन : शोधाची किल्ली

प्रत्येक कार्ड परताव्यास २३ अंकी संदर्भ क्रमांक असतो. त्यास एआरएन म्हणतात. व्यापाऱ्याने खरोखर परतावा पाठवला असेल, तर तो हा क्रमांक देऊ शकतो. तो मिळताच आपल्या बँकेच्या कार्ड विभागाला कळवावा. त्यावरून रक्कम कोठे आहे याचा शोध बँकेस घेता येतो. पुष्कळदा पैसे जुन्या, बंद केलेल्या किंवा बदललेल्या कार्डाच्या खात्यावर जाऊन पडलेले आढळतात. मात्र आठवडा उलटूनही व्यापारी एआरएन देत नसेल आणि 'प्रक्रिया सुरू आहे' एवढेच सांगत असेल, तर परतावा निघालेलाच नाही, असे समजून पुढील पाऊल उचलावे.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत रक्कम आली तरी ती बचत खात्यात दिसत नाही. कार्डाच्या विवरणपत्रात जमा म्हणून दिसते. बिल अद्याप भरलेले नसेल, तर बँकेने ती रक्कम देय रकमेतून तत्काळ वळती करावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. बिल आधीच भरलेले असेल आणि परतावा ५,००० रुपये अथवा कार्डमर्यादेचा एक टक्का यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्याहून अधिक असेल, तर ती पुढील खर्चात वळवण्यापूर्वी बँकेने आपली संमती घ्यावयाची असते. ती रक्कम आपल्या बँक खात्यात मागण्याचा हक्क कार्डधारकास आहे.

चार्जबॅक म्हणजे काय?

व्यापारी पैसे देत नसल्यास कार्डधारक आपल्याच बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध दावा नोंदवू शकतो. आपली बँक तो दावा कार्डाच्या जाळ्यामार्फत व्यापाऱ्याच्या बँकेकडे पाठवते आणि ती रक्कम तिच्याकडून परत मागते. यास चार्जबॅक म्हणतात. व्यापाऱ्यास उत्तर देण्याची संधी असते. जाळ्यानुसार त्यास साधारणतः ३० ते ४५ दिवस मिळतात. त्याने पुरावा दिला नाही, किंवा दिलेला पुरावा टिकला नाही, तर रक्कम कार्डधारकाकडे राहते.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, हा कंपनीविरुद्धचा न्यायालयीन दावा नव्हे. तो बँकांमधील करारावर आधारलेला हक्क आहे. व्यापाऱ्याकडे पैसे उरले नसतील, तर त्याचा भार त्याच्या बँकेवर पडतो. म्हणूनच कंपनी बुडते त्या वेळी हा मार्ग विशेष उपयोगी ठरतो.

दाव्याचे कारण अचूक निवडावे. विमान उडालेच नाही, तर कारण 'सेवा मिळाली नाही' हे होय. तिकीट रद्द झाले, परतावा मान्य झाला, परंतु जमा झाला नाही, तर कारण 'परतावा जमा झाला नाही' हे होय. 'हा व्यवहार मी केलाच नाही' असे कारण कदापि लिहू नये. ते असत्य तर आहेच, शिवाय त्यामुळे बँक कार्ड बंद करते आणि तिकिटावरील नाव पाहताच दावा फेटाळला जातो.

मुदतीविषयी दक्ष राहावे. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत सर्वसाधारण मर्यादा १२० दिवसांची आहे. न मिळालेल्या सेवेसाठी हे दिवस पैसे दिल्याच्या तारखेपासून नव्हे, तर प्रवासाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजले जातात. मात्र मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांपलीकडे जाता येत नाही. परतावा मान्य झाल्याचे पत्र असल्यास दावा करण्यापूर्वी सामान्यतः १५ दिवस थांबावे लागते. रुपे कार्डाच्या मुदती वेगळ्या असल्याने त्या बँकेकडून लेखी विचारून घ्याव्यात. बँकेस कागदपत्रे तपासून दावा पुढे पाठवायचा असतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणे धोक्याचे.

गो फर्स्टचे उदाहरण

मुंबईतून चालणाऱ्या गो फर्स्ट या विमान कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ३ मेपासून तिची उड्डाणे थांबली. महासंचालनालयाने कंपनीस नियमाप्रमाणे परतावे देण्यास सांगितले. तथापि १० मे रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला आणि कंपनीविरुद्धच्या वसुलीस स्थगिती लागू झाली. उड्डाणे पुन्हा सुरू होण्याच्या तारखा पुढे पुढे ढकलल्या गेल्या. विमाने मात्र उडाली नाहीत. शेवटी २० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधिकरणाने कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळण्याचा, आदेश दिला. परताव्याचा नियम अस्तित्वात होता, परंतु तो पाळावयास कंपनीकडे पैसाच नव्हता.

आता वेळापूरच्या एका काल्पनिक कुटुंबाचे उदाहरण घेऊ. त्यांनी १० मार्च २०२३ रोजी एका प्रवासी संकेतस्थळावरून पुणे ते दिल्ली अशी ४ तिकिटे २४,००० रुपयांस घेतली. प्रवासाची तारीख २० मे २०२३ होती आणि पैसे क्रेडिट कार्डाने दिले होते. मेच्या मध्यास विमान रद्द झाल्याचा संदेश आला. संकेतस्थळाने कळवले की, विमान कंपनीकडून रक्कम मिळताच ती आपणास देऊ.

हे कुटुंब थांबून राहिले असते, तर त्यांना दिवाळखोरीच्या प्रक्रियेत इतर देणेकऱ्यांसोबत दावा दाखल करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली असती. चार्जबॅकची गणना मात्र निराळी आहे. २० मेपासून १२० दिवस मोजले, तर शेवटची तारीख १७ सप्टेंबर २०२३ येते. ५४० दिवसांची बाहेरची मर्यादा ३१ ऑगस्ट २०२४ पर्यंत जाते, पण आधी येणारी तारीखच बंधनकारक. सेवेच्या तारखेनंतर १५ दिवस जाऊ देऊन ५ जून रोजी त्यांनी बँकेकडे दावा केला, तर मुदत संपण्यास ३ महिन्यांहून अधिक काळ उरतो. व्यापाऱ्याच्या उत्तरासाठी ४५ दिवस धरले, तरी बँकेने एखादा कागद मागितल्यास तो देण्यास पुरेसा अवधी राहतो.

येथे कार्डाच्या विवरणपत्रावर नाव कोणाचे आहे, हे निर्णायक ठरते. विमान कंपनीचे नाव असेल, तर दावा तिच्या बँकेवर जातो. प्रवासी संकेतस्थळाचे नाव असेल, तर दावा त्याच्याविरुद्ध जातो. अशा वेळी संकेतस्थळ बहुधा असे उत्तर देते की, आम्ही केवळ मध्यस्थ असून पैसे कंपनीस दिले. त्यावर बँकेने विचारल्यास प्रवाशाने एवढेच म्हणावे : माझ्या कार्डावरून पैसे आपण घेतले आणि प्रवास घडला नाही. प्रत्येक दावा जिंकेलच असे नाही. मात्र मुदतीत आणि योग्य कारणाने केलेल्या दाव्यास संधी असते, मुदतीनंतरच्या दाव्यास ती राहत नाही.

बँकेस लिहावयाचे पत्र

पत्र थोडक्यात आणि तारखांसह असावे. नमुना असा :

'माझ्या कार्डावरून १० मार्च २०२३ रोजी अमुक व्यापाऱ्यास २४,००० रुपये देण्यात आले. ही रक्कम २० मे २०२३ च्या पुणे ते दिल्ली विमान तिकिटांची होती, पीएनआर अमुक. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले. मी अमुक तारखेस व्यापाऱ्याकडे लेखी परतावा मागितला. तो मिळालेला नाही. मी क्रेडिट शेल किंवा पर्यायी तिकीट स्वीकारलेले नाही. सेवा मिळाली नाही या कारणास्तव चार्जबॅक दाखल करावा आणि तक्रार क्रमांक द्यावा.'

सोबत तिकीट, रद्द झाल्याचा संदेश, परतावा मागितल्याचा ईमेल, त्यावरील उत्तर आणि विवरणपत्राचे पान जोडावे. बँकेच्या मदतकेंद्रावरील व्यक्ती 'व्यापाऱ्याशी बोला' असे सांगून फोन ठेवण्याचा संभव असतो. म्हणून पत्र ईमेलने पाठवावे किंवा शाखेत देऊन पोच घ्यावी.

दावा चालू असताना बिलाचे काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बँकेने वादग्रस्त रक्कम तात्पुरती जमा दिल्याचे लेखी कळवले नसेल, तर पूर्ण बिल भरावे. अन्यथा व्याज चढते, आणि ते परताव्यात परत मिळेल याची शाश्वती नसते. तात्पुरती जमा आली, तरी ती अंतिम नव्हे. निर्णय विरुद्ध गेल्यास रक्कम पुन्हा वजा होते. मध्यंतरी व्यापाऱ्याकडूनही परतावा आला, तर बँकेस कळवून एक रक्कम परत करावी. दोन्ही ठेवून घेणे नियमात बसत नाही.

हा मार्ग कोठे चालत नाही?

प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले आणि कंपनीने अटींप्रमाणे कपात केली, तर पूर्ण रकमेचा चार्जबॅक टिकत नाही. अशा वेळी जेवढा परतावा मान्य झाला, किंवा जेवढे कर व शुल्के परत येणे लागते, तेवढ्याचाच दावा करावा. क्रेडिट शेल स्वखुशीने स्वीकारले असल्यासही दावा दुबळा होतो.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण हमखास आढळते. अनेकजण तालुक्याच्या गावातील एजंटास रोख किंवा यूपीआयने पैसे देतात आणि एजंट आपल्या व्यावसायिक वॉलेटमधून तिकीट काढतो. अशा व्यवहारात प्रवाशाचे कार्ड वापरलेलेच नसते, त्यामुळे त्यास चार्जबॅकचा हक्क नाही. परतावा एजंटाच्या वॉलेटमध्ये येतो. म्हणून एजंटाकडून रकमेची पावती, पीएनआर आणि भाडे व कर यांचा तपशील तिकीट घेतानाच मागून घ्यावा. शक्य असल्यास एजंटाच्या दुकानात बसूनही पैसे आपल्याच कार्डाने भरावेत.

बँकेने ऐकले नाही तर

बँकेने दावा पुढे पाठवण्यास नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी आहे. येथे तक्रार बँकेच्या कामाविषयी असावी, विमान कंपनीविषयी नव्हे. विमान कंपनीविरुद्ध केंद्र सरकारच्या एअरसेवा या व्यवस्थेवर, तर एजन्सीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. या मार्गांचा परिणाम होतो. टाळेबंदीच्या काळातील तिकिटांचे परतावे थकवल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये यात्रा या प्रवासी संकेतस्थळास सुमारे अडीच कोटी रुपये ग्राहकांना परत करण्याचा आदेश दिला होता.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाऊ शकतो. म्हणजे वेळापूरच्या प्रवाशास दिल्ली किंवा मुंबईस जावे लागत नाही, सोलापूरचा आयोग पुरेसा आहे. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही.

सारांश, तिकीट रद्द झाल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर तीन तारखा लिहून ठेवाव्यात : थेट तिकिटासाठी ७ दिवसांची अथवा एजन्सीच्या तिकिटासाठी लागू असलेली नियमाची तारीख, प्रवासाच्या तारखेनंतर १५ दिवस उलटण्याची तारीख आणि १२० दिवस संपण्याची तारीख. पहिली उलटली की लेखी मागणी, दुसरी उलटली की बँकेकडे दावा. तिसरी तारीख मात्र उलटू देऊ नये.